नसीहत आणि छळ : प्रतिक्रियांची पारख

दमास्कसचे हंबली विद्वान इमाम इब्न रजब (हिजरी ७३६ ते ७९५) यांची एक लहानशी पुस्तिका आहे. तिच्या अरबी नावाचा अर्थ 'नसीहत आणि तअयीर यांतील फरक' असा होतो. समोरच्याचे भले इच्छून केलेली सूचना म्हणजे नसीहत. दोष पुढे करून त्याला लाजविणे, हिणविणे म्हणजे तअयीर. पुस्तिकेच्या आरंभीच इमामसाहेब मूळ अडचण मांडतात. या दोन्ही गोष्टी वरून सारख्याच दिसतात, कारण दोहोंमध्ये माणसाला न आवडणारेच काहीतरी बोलले जाते. त्यामुळे पुष्कळ लोकांना त्यांतील भेद कळत नाही.

सहा शतकांपूर्वी मांडलेला हा प्रश्न आज आपल्या घरांत, जेवणाच्या दस्तरख्वानापर्यंत येऊन पोहोचला आहे. कुणाची मुलगी मेंदीचे नमुने दाखविते, कुणाचा मुलगा शहराच्या इतिहासावर बोलतो, कुणी खिचडा करण्याची रीत सांगते. त्याखाली दोन-चारशे प्रतिक्रिया जमा होतात. त्यांतली कोणती ऐकायची, कोणती सोडून द्यायची आणि कोणती थेट पोलिसांकडे न्यायची, हे आई-वडिलांनाही ठरविता येत नाही. मग बहुधा दोनपैकी एक होते. एक तर सगळेच 'लोक जळतात' म्हणून उडवून लावले जाते, नाही तर सगळेच मनाला लावून घेऊन मुलीचे काम बंद केले जाते. पहिल्यात नसीहत वाया जाते आणि दुसऱ्यात छळणाऱ्याचे फावते.

मनाला लागले म्हणून तो छळ, ही कसोटी चालत नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. ती का चालत नाही, हे आपल्याच राज्यातील एका प्रसंगाने संपूर्ण देशाला शिकविले. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईत शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि शहर बंद राहिले. पालघर येथील एका मुस्लिम तरुणीने फेसबुकवर या बंदविषयी प्रश्न उपस्थित करणारे चार शब्द लिहिले. तिच्या मैत्रिणीने ते पसंत केल्याची खूण केली. त्यावर जमाव जमला, तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली आणि दोघींना अटक करण्यात आली. अटकेसाठी वापरलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ होते. त्रास होईल, गैरसोय होईल, अपमान वाटेल असा मजकूर पाठविणे या कलमाने गुन्हा ठरविले होते. पुढे कारवाई करणारे पोलीस अधिकारी निलंबित झाले, दोघींवरील प्रकरण बंद झाले, आणि याच घटनेने अस्वस्थ झालेल्या एका तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या पीठाने श्रेया सिंघल प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरविले.

निकालातील विचार आपल्या विषयाला नेमका लागू पडतो. एकाला जे त्रासदायक वाटते ते दुसऱ्याला वाटेलच असे नाही. मग 'त्रास वाटणे' हे माप घेऊन कुणाला तुरुंगात कसे टाकायचे? न्यायालयाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे. बोलणे चिथावणीच्या पायरीवर पोहोचले की मगच बंधन येऊ शकते. पालघरची घटना या दृष्टीने पुन्हा पाहावी. त्या तरुणीला कुणी लिहिले असते की 'शोकाच्या दिवशी असे लिहिणे अनुचित आहे', तर ती टीका ठरली असती आणि तिचा अधिकार प्रत्येकाला होता. कुणी लिहिले असते की 'बंद सक्तीचा नव्हता, लोकांनी स्वेच्छेने पाळला', तर तेही उत्तरच होते. परंतु नातेवाइकाच्या रुग्णालयावर चालून जाणे हे तिच्या विधानाला दिलेले उत्तर नव्हते. ते विधान करणारीला दिलेली शिक्षा होते. आणि कलम ६६अ ने नेमके उलटे माप लावले होते. ज्यांना राग आला त्यांचा राग मोजला गेला, कृत्य कुणाचे काय होते ते मोजले गेले नाही.

हेच माप आपण घरात वापरू लागलो तर आपली मुलगी त्या तरुणीच्या नव्हे, त्या जमावाच्या जागी जाऊन बसते, हे कटू असले तरी खरे आहे. 'माझे मन दुखावले' एवढ्यावर टीकाकाराला गुन्हेगार म्हणता येत नाही.

मग पारख कशाने करावी? इब्न रजब हेतूकडे बोट दाखवितात. सावध करणे, चूक दुरुस्त करणे हा हेतू असेल तर ती नसीहत; फजिती करणे हा हेतू असेल तर ती तअयीर. नसीहतीचे सोंग घेऊन कुणी आतून सूड उगवीत असतो, याचीही ते जाणीव देतात. परंतु हेतू अल्लाह जाणतो. ज्याचे खरे नावही ठाऊक नाही अशा माणसाच्या अंतःकरणात आपण डोकावू शकत नाही. म्हणून बाहेर दिसणाऱ्या खुणांवरच निर्णय करावा लागतो. त्या खुणा समजण्यासाठी एक उदाहरण सविस्तर घेऊ. ते कल्पित आहे, मात्र त्यातील प्रत्येक प्रतिक्रियेच्या जातीची प्रतिक्रिया वाचकांनी कुठे ना कुठे पाहिली असेल.

समजा, नाशिकच्या एका महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने जुन्या नाशिकवर तीन मिनिटांचा व्हिडिओ केला. त्यात ती म्हणाली की, या शहराचे मूळ नाव गुलशनाबाद होते. येथे तिची चूक झाली. मोगल काळात शहराला गुलशनाबाद म्हणत हे खरे. पण नाशिक हे नाव त्याहून फार जुने आहे. पांडवलेणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्रिरश्मी लेण्यांतील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखात ते आढळते. आता तिला आलेल्या काही प्रतिक्रिया पाहू.

एकाने लिहिले, "अभ्यास करायचा नसेल तर इतिहासावर बोलूच नये. लेण्यांतील शिलालेखात नाशिकचा उल्लेख आहे. 'मूळ नाव' म्हणणे साफ चूक आहे. १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक खंड तरी चाळायचा होता." दुसऱ्या बाईंनी लिहिले, "मागचे संगीत इतके मोठे आहे की तुझे अर्धे बोलणे ऐकूच येत नाही." तिसऱ्याचा एकच शब्द होता, "कंटाळवाणे." चौथ्याने लिहिले, "मुस्लिम मुलीने असे कॅमेऱ्यापुढे येणे मला योग्य वाटत नाही." पाचव्याने लिहिले, "तुमचे लोक आता शहराचे नाव बदलायला निघाले, चालते व्हा." सहाव्याने फार गोड लिहिले, "बेटी, माशाअल्लाह छान बोलतेस. कॉलेज किती वाजता सुटते तेही आम्हांला माहीत आहे. अब्बांच्या दुकानावर येऊन एकदा त्यांच्याशी बोलेन म्हणतो." सातव्याने तिच्याखाली काहीच लिहिले नाही. त्याने तिचे छायाचित्र आपल्या पानावर टाकले आणि आपल्या अनुयायांना विचारले, "या बाईसाहेबांना इतिहास कोण शिकवील?"

घरातील वडीलधारे हे सर्व वाचतात तेव्हा त्यांना बहुतेक पहिला माणूस उद्धट आणि सहावा भला वाटतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे, आणि या विषयात सर्वांत जास्त फसवणूक येथेच होते. आपण स्वर ऐकतो, आशय ऐकत नाही. पहिल्याचा स्वर खडा आहे. तो सौम्य असता तर बरे झाले असते. पण त्याच्या प्रत्येक वाक्याचा रोख व्हिडिओतील एका विधानावर आहे. चूक कोणती ते तो नेमके सांगतो, ती चूक कशी पडताळावी तेही सांगतो. मुलीला त्याच्या बोलण्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कृती करता येते. सहाव्याच्या बोलण्यात व्हिडिओविषयी एक अक्षर नाही. त्याने फक्त दोन गोष्टी कळविल्या आहेत : तिच्या येण्याजाण्याची वेळ त्याला ठाऊक आहे, आणि वडिलांचा ठावठिकाणाही. 'बेटी' आणि 'माशाअल्लाह' या शब्दांनी ही धमकी झाकली जात नाही. व्हिडिओत न सांगितलेली खासगी माहिती जो कुणी प्रतिक्रियेत आणतो, त्याचे शब्द कितीही गोड असोत, ती प्रतिक्रिया टीकेच्या ढिगातून ताबडतोब बाजूला काढावी.

तेव्हा पहिली खूण अशी की बोलणे कामाविषयी आहे की काम करणाऱ्याविषयी, आणि ते ऐकून काही दुरुस्त करता येते का. संगीताची तक्रार करणाऱ्या बाई या कसोटीला सहज उतरतात. 'कंटाळवाणे' म्हणणारा उतरत नाही, पण तो छळही करीत नाही. त्याला व्हिडिओ आवडला नाही, एवढेच. निरुपयोगी प्रतिक्रिया आणि छळ यांत पुष्कळ अंतर आहे, आणि बहुसंख्य प्रतिक्रिया या मधल्या जागेतच पडतात. पाचव्याने मात्र एका मुलीच्या चुकीवरून संपूर्ण समाजाला हाकलले. त्यात दुरुस्त करण्याजोगे काही नाही, कारण जन्म दुरुस्त करता येत नाही.

चौथ्याविषयी मतभेद होतील, म्हणून तेथे थोडे थांबू. आपल्यापैकी काहींना त्याचे म्हणणे पटेल, काहींना मुळीच पटणार नाही. त्याने आपले मत 'मला वाटते' म्हणून एकदा मांडले. ते कामापेक्षा व्यक्तीच्या निवडीवर अधिक आहे, तरी एकदा मांडलेले मत हा छळ नव्हे. आता समजा मुलीने नम्रपणे उत्तर दिले की, घरच्यांच्या संमतीने मी हे करते, आपले मत कळले. त्यानंतर तो गप्प राहिला, तर विषय संपला. पण पुढच्या व्हिडिओखाली तेच, त्याच्या पुढच्याखाली तेच, मग तिच्या भावाला उद्देशून तेच, मग खासगी संदेशात तेच, असे होऊ लागले तर शब्द न बदलताही गोष्ट बदलली. पहिल्या दिवशी जे मत होते ते पंधराव्या दिवशी पाठलाग झाले.

यावरून जी खूण मिळते ती मला सर्वांत भरवशाची वाटते. टीकेला शेवट असतो. आपल्या उदाहरणातील मुलीने 'मूळ नाव हा शब्द चुकला, नाशिक हे नाव प्राचीन आहे' अशी दुरुस्ती व्हिडिओखाली ठळकपणे लिहिली असे धरू. शिलालेखाची आठवण करून देणाऱ्याचे काम त्याच क्षणी संपते. फार तर तो 'ठीक' म्हणेल. ज्याला चूक नको होती त्याला चूक गेल्याचे समाधान होते. ज्याला माणूस हवा होता त्याला दुरुस्तीने काहीच मिळत नाही. तो नवी चूक शोधतो, जुनी छायाचित्रे उकरतो, 'आता माफी माग', मग 'ही माफी मनापासून नाही' असे म्हणत राहतो. म्हणून शंका असेल तेव्हा आधी दुरुस्ती करावी आणि मग कोण थांबले ते पाहावे. ही पारख घरबसल्या, एका आठवड्यात होते आणि तिच्यासाठी कुणाच्या हेतूचा अंदाज करावा लागत नाही.

सातवा मनुष्य राहिला. त्याने शिवी दिली नाही, धमकी दिली नाही. पण त्याचे बोलणे मुलीशी नव्हतेच, ते प्रेक्षकांशी होते. त्याच्या एका प्रश्नावर दीडशे माणसे धावून येतात. त्यांतील चाळीस जण शिलालेखाचीच गोष्ट सांगतात, म्हणजे बरोबर तेच सांगतात. उरलेले तिच्या चेहऱ्यावर, कपड्यांवर, आडनावावर बोलतात. येथे प्रत्येक प्रतिक्रिया सुटी घेतली तर अनेक निरुपद्रवी ठरतील. एकत्र घेतली तर एका विद्यार्थिनीवर ती दगडांची रास आहे.

सही मुस्लिममध्ये मुआविया बिन हकम सुलमी (रजि.) यांची हकीकत आहे. ते नमाजमध्ये असताना कुणाला शिंक आली आणि त्यांनी नमाजमध्येच मोठ्याने दुआचे शब्द उच्चारले. त्यांना नियम ठाऊक नव्हता. सभोवतालचे लोक त्यांच्याकडे रोखून पाहू लागले, आणि त्यांनी 'का पाहता' असे विचारताच लोकांनी मांड्यांवर हात मारून त्यांना गप्प केले. नमाज आटोपल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना समजावले. नमाजमध्ये लोकांशी बोलणे बसत नाही, तिच्यात तसबीह, तकबीर आणि कुरआनपठणच असते, अशा आशयाचे ते बोलणे होते. मुआविया (रजि.) आवर्जून सांगतात की त्यांना ना दटावले गेले, ना मारले गेले, ना दूषण दिले गेले, आणि असा शिक्षक त्यांनी पूर्वी वा नंतर पाहिला नाही. या हकीकतीतील लोक दुष्ट नव्हते. नियम त्यांना अचूक माहीत होता. तरी त्या सर्वांच्या नजरांमधून चुकणाऱ्याला आपण चुकलो एवढेच कळले, काय चुकले ते कळले नाही. ते एका माणसाच्या दोन वाक्यांनी कळले, आणि त्या वाक्यांचा विषय मुआविया नव्हते, नमाज होती.

आपल्या काळात जुलै २०१७ मध्ये याचे एक प्रसिद्ध उदाहरण घडले. क्रिकेटपटू मोहम्मद कैफ यांनी आपल्या लहानग्या मुलाबरोबर बुद्धिबळ खेळतानाचे छायाचित्र फेसबुकवर टाकले. त्याखाली बुद्धिबळ हराम आहे, असे सांगणाऱ्यांची रीघ लागली. या प्रश्नावर फिकहच्या इमामांमध्ये मतभेद आहेत हे वाचक जाणतात. हनफी ग्रंथ या खेळाला सक्त मकरूह ठरवितात. शाफई मतात जुगार नसेल, नमाज चुकत नसेल तर इतकी कडक भूमिका नाही. नाशिकच्या हनफी घरातील सून कोकणातल्या शाफई घरातून आलेली असेल तर एकाच घरात दोन्ही मते नांदतात. तेव्हा पहिल्या ज्या माणसाने 'आमच्या फिकहप्रमाणे हा खेळ टाळावा' असे लिहिले असेल त्याने एक माहिती दिली. ती मान्य करायची की नाही हे कैफ यांचे त्यांनी ठरवायचे. पन्नासाव्या माणसाने कोणती नवी माहिती दिली? आणि ज्याने मसअला सोडून त्यांचा ईमानच मोजायला घेतला, तो तर पहिल्या माणसाच्या रांगेत उभाच नाही. जेथे आधीच कुणी सांगून ठेवले आहे तेथे तेच पुन्हा लिहिण्याने फक्त दाब वाढतो. लिहिण्यापूर्वी वरच्या दहा प्रतिक्रिया वाचण्याचे कष्ट घेतले तरी आपल्यापैकी अनेकांना लिहिण्याची गरज उरणार नाही.

पण केवळ संख्या पाहूनही निर्णय करू नये. एखाद्याने मधुमेहाच्या रुग्णांना इन्शुलिन बंद करून अमुक काढा घ्या असे सांगितले, किंवा रचलेली हदीस प्रेषितांच्या (स.) नावाने खपविली, आणि पाचशे लोकांनी ते खोडून काढले, तर तो छळ नाही. तेथे पाहणाऱ्यांचे नुकसान होणार आहे आणि प्रत्येक खोडणे कुणाला तरी वाचविते. इब्न रजब यांची पुस्तिका याबाबतीत स्पष्ट आहे. हदीसच्या विद्वानांनी दुर्बल कथनकर्त्यांची नावे घेऊन दोष सांगितले, फकीहांनी एकमेकांची मते खोडली. अदब सांभाळून केलेल्या या कामाला ते तअयीर मानीत नाहीत, कारण त्यात लोकांचे हित आहे. अशा वेळी 'मला ट्रोल करतात' असा टाहो फोडणाराच चुकीचा असतो. आजकाल हा टाहो फार स्वस्त झाला आहे, हेही सांगितले पाहिजे.

आता घरी काय करावे याकडे वळू. ज्याने व्हिडिओ केला त्याने आपल्यावरील तीनशे प्रतिक्रिया रात्री अंथरुणात एकट्याने वाचणे ही सर्वांत वाईट पद्धत आहे. आई, बहीण किंवा विश्वासू मैत्रिणीने आधी वाचावे. कामाविषयीच्या सूचना तिने आपल्या शब्दांत एका वहीत उतरवून द्याव्यात. "अभ्यास करायचा नसेल तर बोलू नये" हे वहीत येणार नाही. "मूळ नाव हा शब्द बदल, लेण्यांतील शिलालेख पाहा" एवढे येईल. नुसत्या नापसंतीचे काही करू नये. त्यांना उत्तर देण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. चौथ्या माणसासारखा कुणी एकच गोष्ट उगाळीत राहिला तर इन्स्टाग्रामवर त्याला 'रिस्ट्रिक्ट' करता येते. मग त्याचे लिहिणे त्याच्याशिवाय इतरांना दिसत नाही आणि त्याला तसे कळविलेही जात नाही. सरळ ब्लॉक केल्यावर चवताळून दुसऱ्या खात्यावरून येणाऱ्यांसाठी हा उपाय अधिक उपयोगी पडतो.

सहाव्याच्या जातीची प्रतिक्रिया आली तर क्रम महत्त्वाचा आहे. घाबरून प्रथम ती पुसून टाकली जाते आणि पुरावा तेथेच संपतो. आधी स्क्रीनशॉट घ्यावा. त्यात मजकुराबरोबर तारीख आणि वेळ यावी. खात्याचे दर्शनी नाव केव्हाही बदलता येते, म्हणून त्याच्या पानावर जाऊन वापरकर्त्याचे नाव आणि पानाचा दुवा उतरवून घ्यावा. उत्तर देऊ नये. मूळ संदेश फोनमध्ये तसाच राहू द्यावा. मग त्या मंचाच्या तक्रार सुविधेत नोंद करावी, आणि धमकी, पाठलाग किंवा अश्लील मजकूर असेल तर पोलिसांकडे जावे. नाशिक शहरात स्वतंत्र सायबर पोलीस ठाणे आहे, cybercrime.gov.in या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७८ पाठलागाचे आहे. स्त्रीने स्पष्ट नको म्हटल्यानंतरही पुरुष पुन्हापुन्हा संपर्क साधू पाहतो किंवा तिच्या इंटरनेट-वापरावर पाळत ठेवतो, तर ते त्यात बसते, आणि पहिल्या अपराधालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून 'कृपया पुन्हा संदेश पाठवू नका' हे एकदा, स्पष्ट शब्दांत लिहून ठेवणे उपयोगाचे असते. ज्याने उघड धमकी दिली आहे त्याला मात्र तेवढेही लिहू नये. धमकीसाठी कलम ३५१ आहे. 'कंटाळवाणे' म्हणणाऱ्यासाठी कोणतेही कलम नाही, आणि नसावे.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मुलीला धमकी आली की आपल्या कित्येक घरांत पहिला निर्णय होतो तो व्हिडिओ काढून टाकण्याचा आणि फोन काढून घेण्याचा. वडिलांची काळजी समजण्यासारखी आहे. पण पुढच्या वेळी ती मुलगी धमकी आल्याचे घरी सांगणारच नाही, आणि ज्या माणसाला कॉलेज सुटण्याची वेळ ठाऊक आहे त्याच्याशी तिला एकटीने सामना करावा लागेल. व्हिडिओ ठेवायचा की काढायचा हे शांतपणे, तिच्यासमवेत, तक्रार झाल्यानंतर ठरवावे.

शेवटी आपल्या स्वतःच्या हाताविषयी. पवित्र कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये सलग दोन आयतींत (११ आणि १२) खिल्ली उडविणे, टोपणनावांनी चिडविणे, वाईट संशय घेणे, इतरांच्या खासगी गोष्टी हुडकणे आणि पाठीमागे निंदा करणे यांना मनाई आली आहे. आपल्या सातही प्रतिक्रियांमध्ये जे खटकले ते जवळजवळ सर्व या यादीत सापडते, आणि 'हे विधान चूक आहे, हा त्याचा पुरावा' असे म्हणणे मात्र यादीत कुठेच नाही. फुजैल बिन इयाज (रह.) यांचे म्हणणे इब्न रजब यांनी नोंदविले आहे, त्याचा आशय असा की मोमिन दोष झाकून नसीहत करतो आणि पापाचारी अब्रू काढून हिणवितो. याचा अर्थ अनेक जण 'सर्व काही खासगी संदेशातच सांगावे' असा घेतात. वडीलधाऱ्या माणसाने ओळखीतल्या मुलाला खासगीत सांगणे उत्तमच. पण अनोळखी पुरुषाने तरुण मुलीला नसीहतीसाठी म्हणून रात्री खासगी संदेश पाठविणे हे दोष झाकणे नव्हे. तिच्या चुकीचा संबंध जाहीर विधानाशी असेल तर तेथेच, चारचौघांत, दोन ओळींत आणि पुराव्यासह लिहावे. तिच्या राहणीविषयी काही सांगावेसे वाटले तर ते घरातील एखाद्या स्त्रीकरवी सांगावे, आणि तसा मार्ग नसेल तर ते सांगण्याचे काम आपल्याकडे आलेले नाही असे समजावे.